पिठल्यातील गुठळी : एक शास्त्रार्थ

ज्या रात्री वाण्याचं शटर ओढलेलं असतं, मंडई उठलेली असते आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीची एक पिवळी काडी तेवढी उरलेली असते, त्या रात्रीला आम्ही ‘पिष्टकाल’ असं नाव दिलं आहे. पिष्टकाली घरात डाळीचं पीठ, कांदे, लसूण आणि मिसळणाचा डबा एवढंच असतं, आणि त्यातून पिठलंच होतं. याबद्दल विद्वानांत दुमत नाही. दुमत आहे ते पीठ पाण्यात कसं घालावं याबद्दल.

आमच्या घरात दोन संप्रदाय आहेत. आई पेरपंथी: उकळत्या पाण्यात कोरडं पीठ पेरायचं. सासूबाई कालवपंथी: पीठ आधी गार पाण्यात कालवून मग कढईत ओतायचं. गेल्या आषाढात, पाऊस कोसळत असताना, रात्री साडेनऊला दारात मामा उभे राहिले. योगायोगाने दोन्ही आचार्या घरात होत्या. कढई मात्र माझ्या हाती आली, कारण दोघींपैकी एकीला मान दिला असता तर दुसरी उपाशी झोपली असती.

चौघांना एक वाटी पीठ. कालवायचं तर तीन वाट्या पाणी, पेरायचं तर दोन. तेलात मोहरी, जिरे, हिंग, मग ठेचलेला लसूण. तो बदामी झाला की सुक्या लाल मिरच्या मोडून टाकायच्या (हिरव्या संपलेल्या), दोन उभे चिरलेले कांदे मऊ करायचे, हळद घालून पाणी ओतायचं. मीठ आणि दोन आमसुलं घातल्यावर पाणी चाखून बघावं. ते थोडं खारट लागलं पाहिजे. आता बेताचं लागलं तर पीठ पडल्यावर अळणी होतं. या एका मुद्द्यावर दोन्ही पंथांचं एकमत आहे, म्हणून तो कुणी सांगत नाही.

मी पेरायचं ठरवलं. डाव्या हाताच्या बोटांतून पीठ भुरभुरत सोडायचं आणि उजव्या हाताने लाटण्याच्या टोकाने ढवळत राहायचं. अर्धी वाटी उत्तम उतरली. तेवढ्यात मामांनी बाहेरून विचारलं, “काय रे, पिठलं का?” मी “हो” म्हणायला मान वळवली आणि उरलेली अर्धी वाटी एका दमात कढईत गेली.

गुठळ्या अकरा झाल्या. मोजल्या आहेत.

गुठळीचं कारण असं. पिठाचा गोळा उकळत्या पाण्यात पडला की त्याची बाहेरची बाजू तत्क्षणी शिजून चिकट होते. तिचं कातडं बनतं, आणि ते पाण्याला आत शिरू देत नाही. वरून ओला दिसणारा गोळा डावाने फोडला की आत कोरडं, फिकट पिवळं पीठ निघतं. ते दाताला चिकटतं आणि कच्चं लागतं. कालवलेल्या पिठात कण न् कण आधीच भिजलेला असतो, म्हणून हा घोळ होत नाही. सासूबाईंनी हे शास्त्र “म्हटलं होतं मी” एवढ्या सूत्रात मांडलं.

पण कालवण्यातही खोट आहे. उकळी फुटेपर्यंत ढवळणं थांबलं तर पीठ तळाशी बसतं आणि करपतं. शिवाय ते पिठलं गुळगुळीत होतं. पेरलेल्यात जो रवाळपणा असतो तो त्यात नाही, असं आईचं मत आणि माझंही. पण ते मी त्या रात्री उघड केलं नाही.

उपाय आईनेच सांगितला: ताकाची रवी. गॅस मंद करून कढईतच घुसळलं आणि गुठळ्या फुटल्या. इथे नवशिके फसतात. गुठळ्या गेल्या म्हणजे पिठलं झालं असं नव्हे, कारण फुटलेल्या गुठळ्यांतलं कच्चं पीठ आत्ता कुठे पाण्याला भेटलेलं असतं. झाकण ठेवून आणखी पाच-सात मिनिटं वाफ हवी. झालं की नाही हे नाकाला कळतं: कच्च्या डाळीचा वास जाऊन फोडणीचा लसूण वर येतो. दुसरी खूण म्हणजे जाड बुडबुडे ‘पुक्’ करून फुटतात आणि मनगटावर एक शिंतोडा उडतो. माझ्या मनगटावर दोन उडाले.

पिठलं निवलं की आणखी घट्ट होतं, म्हणून कढईत ते किंचित सैलच सोडावं. मामांनी ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर तीनदा घेतलं आणि बुक्कीने फोडलेला कांदा संपवला. पंथाबद्दल त्यांनी काहीही विचारलं नाही.

राहता राहिला खरवडीचा प्रश्न. कढईच्या तळाला धरलेला तो कुरकुरीत पापुद्रा कुणाचा, याचा निर्णय कुठल्याही ग्रंथात नाही. आई आणि सासूबाई पहिल्यांदाच एकमताने म्हणाल्या, “त्याला द्या, ढवळून दमलाय.” मी हात धुऊन येईपर्यंत दोघी ओट्याशी उभ्या होत्या, एकीच्या हातात उलथणं होतं, आणि कढई घासून ठेवल्यासारखी लख्ख होती.