एक कोटीचा काळा रंग

टीव्ही घ्यायला निघताना बायको म्हणाली, आधी भिंतीपासून सोफ्याचं अंतर मोज. मी मोजलं नाही, कारण मी अभ्यास केला होता. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट एक कोटीला एक’, ‘मोशन २४०’ हे सगळं मला तोंडपाठ होतं. असं गिऱ्हाईक आलं की विक्रेत्याला काही विकावं लागत नाही. तो नुसती मान डोलावतो.

एक कोटीला एक म्हणजे पडद्यावरचा पांढरा काळ्याच्या एक कोटी पट उजळ. फक्त हा काळा मोजताना मागचा दिवा मंद करतात, नाहीतर चक्क बंदच. तसा काळा आमचा जुना टीव्हीही वीज गेली की दाखवायचा. दिवा चालू ठेवून मोजलं तर चांगलं व्हीए पॅनेल तीन ते पाच हजारांपर्यंत जातं आणि आयपीएस हजाराच्या आसपास घुटमळतं. ‘मोशन २४०’च्या पोटात तर साधं ६० हर्ट्झचं पॅनेल निघालं.

तरी व्हीएचा काळा खरंच देखणा, पण तो समोर बसणाऱ्यालाच. समोरचा सोफा माझा. सासूबाईंचा दिवाण बाजूच्या भिंतीला. व्हीएचे रंग तिरक्या नजरेला फिके पडतात. मालिकेतल्या खलनायिकेची लालभडक साडी त्यांना गुलाबी दिसू लागली आणि “ही बाई सुधारली का रे?” असं त्या विचारू लागल्या. आयपीएसचा काळा थोडा राखाडी असतो, पण बाजूनंही रंग टिकतात. दिवाणावर सासूबाई असलेल्या घराला तेच हवं होतं.

पासष्ट इंच हाही माझाच हट्ट. घरी आल्यावर मोजलं, तर सोफा साडेसहा फुटांवर. कर्णाच्या दीडपट अंतर धरलं तर ६५ इंचांसाठी आठ फूट लागतात. आमच्या खोलीला ५० इंच पुष्कळ होते. फोरके सिनेमा जवळूनही खपून जातो. पण आमच्या केबलवर बहुतेक एसडी चॅनेल, म्हणजे ५७६ ओळींचं चित्र २१६० ओळींवर ताणलेलं. निवेदकाला नाक आहे एवढं नक्की सांगता येतं.

वॉरंटी संपली आणि पडद्यावर उभी रेघ आली. कंपनीचं सेवा केंद्र शेजारच्या जिल्ह्यात. नव्या पॅनेलची किंमत ऐकली आणि कळलं, तेवढ्यात जवळजवळ दुसरा टीव्ही येतो. मेकॅनिकनंही तेच सुचवलं.

तेव्हा दुकानात गेलात तर झगमगीत डेमो मोड बंद करायला लावा आणि टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहा. पण त्याआधी घरी बसून कंपनीच्या सेवा केंद्रांच्या यादीत आपला पिनकोड टाका. गावात माणूस येत नसेल, तर त्या कंपनीचं मॉडेल बघायलाही जाऊ नका.