सव्वा मुठीचा माणूस

2023 साली म्युनिकहून अमळनेरला निघालेल्या एका इंजिनिअरने कानबाईसाठी जुलैतलं विमान पकडायचं ठरवलं. कॅलेंडरात 18 जुलैपासून श्रावण दिसत होता. पंचमीनंतरचा पहिला रविवार शोधला, तिकीट काढलं आणि आईला फोन लावला. आई आधी हसली, मग म्हणाली, "अधिकना महिनामा कानबाई कोन बसाडस रे?"

त्या वर्षी श्रावण दोन होते. 16 ऑगस्टपर्यंत अधिक, 17 पासून निज. नागपंचमी 21 ऑगस्टला आणि खानदेशातली कानबाई त्यापुढच्या रविवारी, म्हणजे 27 ला. तिकीट बदलायला जे पैसे गेले, त्यांचा आकडा घरात अजूनही कुणी उघड केलेला नाही.

तो शुक्रवारी पोचला, तेव्हा सुरतेचे चुलतभाऊ उधना-जळगाव लाइनीच्या गाडीने येऊन ओसरीत पसरले होते. धुळ्याचे काका गंगाफळ घेऊन आले होते. एरवी कानबाई म्हणजे नारळाची देवी. तिला नथ, डोरलं, लुगडं नेसवतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. पण भाऊबंद लांबून येतात ते रोटांसाठी. रोट म्हणजे कुळाच्या नावाने मोजलेल्या गव्हाच्या पुरणपोळ्या. या घरची रीत पुरुषामागे सव्वा मूठ. रीत घरोघरी थोडीफार वेगळी, पण रोट कुळाबाहेर जात नाही, यावर सगळ्यांचं एकमत.

माणसं भरली चोवीस. चोवीस सव्वा म्हणजे तीस मुठी. हिशोब सोपा होता. अडलं ते 'मूठ कुणाची' इथे. आजोबांची मूठ वयाने आक्रसलेली, सुरतेच्या मोठ्या दादाची मागावर काम करून फावड्याएवढी झालेली. इंजिनिअरने सुचवलं, एकदा मूठ वजन करून घेऊ आणि तीसने गुणू. आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वजनकाटा ठेवायला स्वतःच उठला. मग आजोबांनीच एकेकाचं नाव घेत सुपात गहू टाकला. सहा महिन्यांच्या बाळालाही सव्वा मूठ आणि नव्वद किलोच्या काकांनाही सव्वाच. परदेशात असलेल्याचं नावही दरवर्षी घेतलं जायचं, हे त्याला तेव्हा कळलं.

"मग माझा वाटा कोण खायचं?"

धाकट्या काकांनी पोटावरून हात फिरवला.

शनिवारी दळण. गिरणीवाल्याने आधी गिरणी धुऊन-पुसून घेतलेली, दारात रोटांच्या डब्यांची रांग. कुणाचं पीठ कुणात मिसळू नये म्हणून प्रत्येकजण आपल्या डब्यावर डोळा ठेवून. विमानतळावरच्या पट्ट्यापाशी बॅगेसाठी माणसं उभी असतात, तशीच. इंजिनिअरला ही रांग तरी ओळखीची वाटली.

पुरुषांचं काम इथे संपलं. चोवीस पुरुषांच्या नावाचा गहू निवडणं, डाळ शिजवणं, पुरण वाटणं, लाटणं, खीर आणि कटाची आमटी हे सगळं, ज्यांचं नाव मोजलं जात नाही अशा बायकांकडे. त्याने हे बोलून दाखवलं. मोठी काकू म्हणाली, "मोजू नको, लाट." त्याने लाटली. पहिली पोळी नकाशासारखी झाली, पुरण एका कडेने बाहेर आलं, आणि ती त्याच्याच ताटासाठी बाजूला ठेवण्यात आली.

खरी अडचण सोमवारी सुरू झाली. कानबाई नदीवर गेली, संध्याकाळपर्यंत सुरतकर गाडीत बसले, धुळेकर एसटीत. डब्यात रोट उरलेच. या घरात रोट पौर्णिमेच्या आत संपवायचे असतात. शेजाऱ्याला देता येत नाहीत, फेकता येत नाहीत, आणि कानबाई ते पौर्णिमा हे अंतर रविवार कुठे पडतो त्यावर कमीजास्त होतं. 2024 ला पंचमी शुक्रवारी होती, कानबाई 11 ऑगस्टला आणि पौर्णिमा 19 ला, म्हणजे आठवडाभर सवड. 2023 ला पंचमी सोमवारी पडली, रविवार सहा दिवसांनी उजाडला आणि पौर्णिमा 30 लाच. रविवार धरून जेमतेम चार दिवस.

सकाळी रोट दुधात, दुपारी आमटीत, रात्री तुपात. मंगळवारी इंजिनिअरने भाकरी मागितली. आजोबा म्हणाले, "तुना वाटाना रोट आते तुलेच खावा पडतीन." इतकी वर्षं तो वाटा खाणारे धाकटे काका नेमके शेतावर गेले होते.

परदेशी भाऊबंदांनी एवढं ध्यानात ठेवावं: 2026 मध्ये अधिक महिना ज्येष्ठाचा आहे, नागपंचमी 17 ऑगस्टला सोमवारी, कानबाई 23 ला आणि पौर्णिमा 28 ला. तिकीट परतीचं काढा, पण 28 च्या आधीचं काढू नका, घरचे ओळखतात.