नमनाला घडाभर, रीलला चमचाभर

आमच्या मराठवाड्यात भाषण सुरू होण्याआधीच निम्मं भाषण होऊन जातं. व्यासपीठावरील मान्यवर, व्यासपीठासमोरील मान्यवर, वेळात वेळ काढून आलेले आणि वेळ असूनही न आलेले, अशा सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत मांडवातली पोरं घरी जेवून परत येतात. नांदेडच्या सभागृहांत तीस वर्षं मी हेच करत आलो. त्यामुळे लातूरचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुम्ही लिहिताव ना? मग तीस सेकंदांचं रील लिहून द्या," तेव्हा मी हसलो. तीस सेकंदांत माझा घसासुद्धा साफ होत नाही.

भाच्याचा विषय सोयाबीनच्या ओलाव्याचा होता. काढणी झाली की शेतकरी पोती भरून बाजार गाठतो, तिथं मशीन लावतात, ओलावा जास्त निघतो आणि मग कटती तरी लागते किंवा गाडी तरी माघारी फिरते. हे घरीच कळावं म्हणून मिठाची एक जुनी चाचणी आहे, ती त्याला दाखवायची होती. विषय चोख. मी एका बैठकीत लिहून टाकलं. सुरुवात अशी: "नमस्कार शेतकरी बांधवांनो, आपल्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. सोयाबीन काढणीनंतर ओलाव्याचे महत्त्व आपण सविस्तर पाहणार आहोत, तरी व्हिडिओ शेवटपर्यंत नक्की पाहा."

भाच्यानं शब्द मोजले. वीस. मग मोबाइलवर घड्याळ लावून मला मोठ्यानं वाचायला लावलं. नऊ सेकंद. "मामा, तीसमधले नऊ गेले आन् अजून सोयाबीनचा दाणा दिसला नाही. लोक तिसऱ्या सेकंदाला बोट वर सरकवायलेत." त्यानं आपल्या जुन्या रीलचा आलेख दाखवला. कितव्या सेकंदाला किती लोक उरले, ते त्यात दिसतं. पहिल्या तीन सेकंदांत रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी खाली आली होती. त्या तीन सेकंदांत काय होतं? गंजगोलाईचा ड्रोननं घेतलेला देखावा. सोळा रस्ते एका ठिकाणी मिळतात, दिसायला देखणं आहे, पण जो माणूस रोज त्यातल्याच एका रस्त्यावर खोळंबून उभा असतो, त्याला ते आकाशातून बघण्याची काय हौस?

तेव्हा सुरुवात बदलायची ठरली. भाच्याकडे तयार माल होता: "व्यापाऱ्यांचं हे गुपित ऐकून हादराल!" मी विचारलं, गुपित कोणतं? गुपित नव्हतंच. अशा आरोळीनं माणूस थांबतो, पण पाचव्या सेकंदाला त्याला कळतं की पेढा सांगून हातात बत्तासा ठेवला. तो तर जातोच, पुढच्या वेळी आपलं तोंड दिसलं तरी थांबत नाही. निवडणुकीत हे पाच वर्षांनी कळतं, रीलमध्ये पाच सेकंदांत. एवढ्यापुरती रील ही जास्त प्रगत लोकशाही आहे.

खरी गोम मला उशिरा कळली. चाचणीत सोयाबीन आणि मीठ घातलेली बाटली मिनिटभर हलवायची असते, मग पंधरा मिनिटं ठेवायची, आणि ओलावा असेल तर मग काचेला मीठ चिकटलेलं दिसतं. आम्ही कीर्तन ऐकून वाढलेले लोक, पूर्वरंग झाल्याशिवाय उत्तररंगाला हात लावत नाही. रीलमध्ये उत्तररंग आधी. शेवटी जे दिसणार आहे, तेच पहिल्या सेकंदाला डोळ्यांसमोर धरायचं: काचेला चिकटलेलं मीठ. आणि त्यावर एकच वाक्य, आठ शब्दांचं, ज्यात बघणाऱ्याचा नफा-तोटा आहे.

आता वेळेचा हिशेब. मराठी माणूस घाई न करता, समजेल असं बोलला तर सेकंदाला सव्वादोन-अडीच शब्द होतात. म्हणजे तीस सेकंदांत फार तर पंचाहत्तर. मनात वाचून हा हिशेब चुकतो, कारण मनात आपण सगळेच एक्स्प्रेस असतो. मोठ्यानं वाचलं की पॅसेंजर. माझा दुसरा खर्डा एक्केचाळीस सेकंदांचा भरला. मग एकेक वाक्य झाकून वाचलं. झाकलेल्याची आठवण आली नाही, तर ते गेलं. "बळीराजा" गेला, "आजच्या धकाधकीच्या युगात" गेलं, "मित्रांनो" तीनदा होतं, तिन्ही गेले. माझ्या तीस वर्षांच्या वक्तृत्वातून किती उरेल, हा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

उरलं ते असं:

"हे मीठ बाटलीला चिकटलं, तर सोयाबीन घरीच ठेवा. कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा सोयाबीन भरा. दोन चमचे कोरडं मीठ टाका. झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, म्हणजे ओलावा साधारण पंधरा टक्क्यांच्या वर. अजून ऊन द्या. नाही चिकटलं, तरी लगेच हुरळू नका. हमीभाव केंद्राला ओलावा बाराच्या आत लागतो. बारा ते पंधराच्या मध्ये बाटली मुकी आहे. तिथं मशीनच लागतं. म्हणून गाडी भरायच्या आधी बघा..."

सहासष्ट शब्द, एकोणतीस सेकंद. शेवट अर्धवट वाटतो ना? तो तसाच ठेवलाय. रील संपली की आपोआप पुन्हा सुरू होते, आणि "गाडी भरायच्या आधी बघा" याला पहिलं वाक्य येऊन जुळतं. बघणाऱ्याला कळायच्या आत दुसरी फेरी सुरू.

"हुरळू नका" पासूनच्या वाक्यांवरून आमचं भांडण झालं. भाचा म्हणाला, "मामा, हे निगेटिव्ह व्हायलंय, काढू." मी अडून बसलो. केंद्र सरकारनं २०२४ च्या हंगामात पंधरा टक्क्यांपर्यंत सूट दिली होती, पण सूट हा पाऊस आहे, नियम नव्हे. मीठ चिकटलं नाही म्हणून कुणी साडेतेरा टक्क्यांची गाडी घेऊन गेला, तर माघारी येताना तो भाच्याच्या घरावरूनच जाईल. वाक्यं राहिली.

चित्रणात भाच्यानं हौस फेडून घेतली. तीस सेकंदांत एकोणीस तुकडे जोडले. माझ्या बहिणीनं ते बघून चष्म्याचा नंबर तपासायला घेतला. शेवटी ठरलं की बोलण्यात नवी वस्तू आली तरच चित्र बदलायचं: बाटली, मीठ, हलवणं, काच, मशीन. मिनिटभराचं हलवणं दीड सेकंदात. अक्षरं पडद्याच्या वरच्या निम्म्यात, एका वेळी चार-पाच शब्द, कारण खाली नाव येतं आणि उजव्या कडेला बदामाची खूण. बसस्टँडवर बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, त्यांना ती अक्षरंच ऐकू येतात.

एक वाक्य मात्र काही केल्या तीस सेकंदांत बसलं नाही, ते इथं लिहितो. मीठ आधी तव्यावर गरम करून गार होऊ द्या. पावसाळी हवेत डब्यातलं मीठ मुळातच ओलं असतं, आणि मग ते वाळलेल्या सोयाबीनलाही खोटं पाडतं.