चेहरा तेवढा ठेवा
पॉडकास्ट इतिहासाचा, म्हणून मुखचित्राच्या प्रॉम्प्टमध्ये सह्याद्री, मावळा, मशाल, माइक, पावसाळी ढग आणि शिवाय निवेदकाचा प्रसन्न चेहरा! चित्र येतं देखणं, 3000 बाय 3000 पिक्सेलचं. फोनवरच्या यादीत ते इवलंसं होतं आणि अख्ख्या मावळ्याचा मुगाएवढा ठिपका उरतो. खरं तर मागायचं इतकंच: सपाट गडद निळी पार्श्वभूमी, खालच्या भागात एकच पिवळी मशाल, जाड बाह्यरेषा, वरचा भाग रिकामा, अक्षरं अजिबात नकोत. नाव नंतर आपणच ठळक टंकात बसवावं. यंत्रावर सोडलं तर वेलांट्या अनेकदा भलत्याच अक्षराला लटकतात. मग चित्र 55 पिक्सेलवर आणून हातभर लांबून वाचून बघावं. हे सगळं निवेदकसाहेबांना पटतं. फक्त चेहरा वगळू नका म्हणतात.