शिट्ट्या मोजणाऱ्या गृहस्थांसाठी कडधान्य-प्रवेशिका

राजमा, चवळी आणि काळा हरभरा ही तिन्ही कडधान्ये भिजतात, फुगतात आणि शिजतात. साम्य येथे संपते. पुढचे सर्व वेगळे आहे, आणि ते वेगळे आहे हे मान्य न करणाऱ्या एका वर्गासाठी प्रस्तुत मार्गदर्शन सिद्ध केले आहे. हा वर्ग छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून उस्मानपुऱ्यापर्यंत सर्वत्र आढळतो. निवृत्ती नुकतीच झालेली, वर्तमानपत्र उघडलेले, कान मात्र स्वयंपाकघराकडे, आणि कुकर वाजला की कोणी विचारायच्या आत बैठकीतून घोषणा: "तीन झाल्या गं, बंद कर!" पुढील विवेचनात या वर्गाचा उल्लेख केवळ ‘गृहस्थ’ असा केला आहे.

नियम पहिला. शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. शिट्टी म्हणजे कुकरातील जादा वाफ बाहेर पडल्याची वर्दी. आच मोठी असेल तर चार शिट्ट्या पाच मिनिटांत होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत एकही होत नाही, आणि दाणा मात्र बारीक आचेवरच जास्त शिजलेला असतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंच आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. त्याहून वर ते जात नाही, कितीही आच दिली तरी. कुकरात दाब चढला की तेच पाणी १२० अंशांच्या जवळ पोचते. दाणा शिजतो तो या तापमानात किती वेळ राहिला त्यावर. म्हणून पहिली शिट्टी होऊ द्यावी, आच बारीक करावी आणि तेथून घड्याळ पाहावे. गृहस्थांना घड्याळ पाहण्याची सवय नोकरीत चांगली होती. संध्याकाळचे सहा कधी वाजतात हे त्यांना अचूक कळत असे.

नियम दुसरा. भिजवणे रात्रीच. राजमा आणि काळा हरभरा आठ ते दहा तास भिजवावा. चवळीचे साल पातळ असते, तिला तीन-चार तास पुरतात आणि न भिजवताही ती शिजते. सकाळी दहा वाजता राजमा गरम पाण्यात टाकून "बारापर्यंत फुगेल" असे सांगणाऱ्यास या नियमात कोणतीही सवलत नाही.

नियम तिसरा पाण्याचा आहे, आणि तो या गावात सगळ्यांत महत्त्वाचा. शहराला पाणी येते पैठणच्या जायकवाडी धरणातून, नाथसागरातून. ते रोज येत नाही. ज्या दिवशी नळ येत नाही त्या दिवशी बोअर किंवा टँकर, आणि बोअरचे पाणी बहुधा जड. कुकराच्या तळाशी पांढरा थर बसत असेल आणि अंगाला साबण लागता लागत नसेल, तर राजमाही शिजता शिजणार नाही. कारण सोपे आहे. दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजणे म्हणजे हे पेक्टिन विरघळून पेशी सुट्या होणे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पेक्टिनला जखडून ठेवतात, आणि मग तासभर शिजवूनही दाणा दातांखाली कचकन वाजतो. घरात त्याचे खापर वाण्यावर फुटते. वाणी बऱ्याचदा निर्दोष असतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, पिण्यासाठी भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्यातून एक तांब्या कडधान्यासाठी वेगळा काढावा. (गृहस्थ या तांब्याकडे असे पाहतात की जणू नाथसागराची पातळी त्याने घटणार आहे.) दुसरा, बोअरचेच पाणी वापरायचे असेल तर आधी उकळून, निववून, वरचे निवळ घ्यावे, थोडा जडपणा तळाशी बसतो. तिसरा, भिजवण्याच्या लिटरभर पाण्यात दोन छोटे चमचे मीठ घालावे. मिठातले सोडियम कॅल्शियमची जागा घेते आणि साल मऊ पडते. मिठाने कडधान्य कडक होते ही समजूत पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली आहे. ती चुकीची आहे, तरी सासूबाईंसमोर तसे म्हणण्याची गरज नाही. मीठ गुपचूप घालावे. कडक करते ती आंबट वस्तू. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक यांपैकी काहीही दाणा शिजण्याआधी कुकरात गेले तर तो हटून बसतो. चिमूटभर सोडा हा चौथा उपाय, पण शेवटचा: हात जरा सैल सुटला की साले गळतात, रस्सा बुळबुळीत होतो आणि चव साबणाच्या दिशेने जाते. चवळीला सोडा कधीच नाही.

नियम चौथा. जुना माल जुनाच. उन्हाळाभर पत्र्याच्या डब्यात तापलेला राजमा किंवा हरभरा वरील सर्व उपाय करूनही हट्टी राहू शकतो. शिवाय प्रत्येक मापात काही गणंग असतातच. रात्रभर भिजूनही जे दाणे फुगलेले नसतात ते सकाळी वेचून टाकावेत. हे काम मात्र गृहस्थांनाच द्यावे. ते चष्मा लावून, एकेक दाणा उजेडाला धरून हे फार छान करतात.

आता वेळा. एक वाटी चांगला भिजलेला दाणा, बोअरचे नव्हे असे पाणी, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आच आणि वाफ आपोआप जिरू देणे, एवढे धरले तर राजम्याला वीस-पंचवीस मिनिटे, काळ्या हरभऱ्याला पंचवीस-तीस, आणि चवळीला पाच-सहा लागतात. न भिजवलेली चवळी दहा-बारा मिनिटांत होते. उघड्या पातेल्यात राजमा आणि हरभरा तासाच्या पुढे जातात, चवळी पाऊण तासात आवरते. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटे असावे.

एका बाबतीत येथे विनोद नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. अर्धकच्चे चार-पाच दाणेही काही तासांत मळमळ आणि उलट्या करवतात. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी निदान दहा मिनिटे लागते. नुसत्या गरम, न उकळणाऱ्या पाण्यात तासन् तास ठेवलेला राजमा मऊ होतो आणि तरीही बाधतो. म्हणून भिजवलेले पाणी फेकावे आणि मंद धगीवर रात्रभर ठेवण्याचे प्रयोग राजम्यावर करू नयेत. कुकरात हा प्रश्न उरत नाही.

शिजले की नाही हे ओळखण्यासाठी एक दाणा पुरत नाही, पाच घ्यावेत, आणि वेगवेगळ्या जागांहून. राजमा जिभेने टाळूवर दाबला की विरघळावा. मध्ये खडूसारखी कणी लागली तर झाकण पुन्हा लावावे. हरभऱ्याचे साल शाबूत राहते, ते फुटण्याची वाट पाहू नये. दाताखाली आधी थोडा विरोध आणि मग पिठूळ गर, असा तो हवा. चवळी बोटांत दाबली की चेपावी पण आकार सोडू नये. तिच्या बाबतीत कच्ची राहण्यापेक्षा लगदा होण्याचीच भीती जास्त.

याचे प्रात्यक्षिक रविवारी मिळते. पाहुणे येणार असतात, आणि गृहस्थ सुचवतात की तिन्ही एकत्र टाकून "पौष्टिक मिश्र उसळ" करावी, गॅसही वाचेल. तिन्ही कुकरात जातात. तीन शिट्ट्यांवर घोषणा होते, झाकण उघडते. चवळी बरोबर झालेली असते, राजमा आणि हरभरा कच्चे. पुन्हा वीस मिनिटे. आता राजमा झाला, हरभरा जवळजवळ झाला, आणि चवळी कुठे आहे हे शोधावे लागते; तिचे डोळे तेवढे रश्शात तरंगत असतात. पाहुणे सौजन्याने विचारतात, ही डाळ कोणती. खरे तर ही उसळ उत्तम होते, फक्त क्रम पाळावा लागतो. हरभरा एकटा दहा मिनिटे. वाफ जिरली की राजमा घालून आणखी वीस. पुन्हा वाफ जिरू द्यावी, चवळी घालावी आणि यावेळी झाकण न लावता पातेल्यासारखे उकळू द्यावे, पाऊण तासापर्यंत, चेपून पाहत. टोमॅटो त्यानंतर. गॅस वाचत नाही. तो मुद्दा गृहस्थांनी मागे घ्यावा.

कोणते कशासाठी, हे पोतावरूनच ठरते. राजम्याचा गर लोण्यासारखा, आणि मूठभर दाणे डावाने कुकराच्या कडेला चेपले की रस्सा आपोआप दाटतो. त्यामुळे तो भाताचा सोबती. त्याला उत्तरेकडचा पाहुणा समजण्याचे कारण नाही, साताऱ्याकडच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा हा त्याच कुळातला, आणि गोडा मसाला त्याला गरम मसाल्याइतकाच मानवतो.

हरभरा रश्शाला काही देत नाही. दाणा आपले सत्त्व सालाआड राखून असतो. पण त्याचे उकळलेले पाणी, म्हणजे कट, तपकिरी आणि खमंग निघतो, तो ओतून देणे हा अपराध. त्या कटात मराठवाड्याचे येसर कालवून, लसणाची फोडणी देऊन आमटी करावी, आणि दाणे वेगळे परतून कोरडी उसळ. एका शिजवणीत दोन पदार्थ देणारे या तिघांत हेच एक. कोरडे राहूनही न मोडणे हा त्याचा गुण आहे. म्हणूनच बारशाच्या घुगऱ्यांना तो चालतो आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला भिजवलेला हरभराच ओटीत पडतो. तेथे चवळी ओटीत घालून पाहू नये.

चवळी ही अचानकपणाची धनी आहे. संध्याकाळी सात वाजता फोन येतो की चौघे जेवायला येत आहेत, तेव्हा राजमा डब्यात असून नसल्यासारखा असतो. चवळी धुवावी, कुकरात टाकावी, तोवर कांदा-खोबरे भाजावे; पाऊण तासात आमटी ताटात, सोबत ज्वारीची भाकरी. तिची मातकट गोडसर चव आमसुलाने उठते, फक्त आमसूल शेवटी.

नियम अखेरचा, उरलेल्याचा. राजमा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, कारण रात्रभरात मसाला दाण्यात मुरतो. हरभरा तेलावर पुन्हा परतावा, वर कांदा घालून लिंबू पिळावे. चवळीची आमटी मात्र संभाजीनगरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवली तर सकाळपर्यंत फेसाळते. ती रात्रीच फ्रिजमध्ये जावी, आणि गेली की नाही हे गृहस्थांनी बैठकीतून न विचारता उठून पाहावे.