नवशिक्या सेक्रेटरीचं पहिलं अंदाजपत्रक

सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला फार काही लागत नाही. निवडणुकीच्या वेळी पाणी प्यायला बाहेर गेलात की पुरतं. परत येईपर्यंत तुम्ही बिनविरोध निवडून आलेले असता आणि कोणीतरी इतिवृत्ताचं रजिस्टर तुमच्या हातात ठेवतं. मग सप्टेंबर उजाडतो. आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असा कायदा असल्यामुळे आपण ती सहाव्याच महिन्यात घेतो.

पहिली पायरी: जुन्या रजिस्टरातला ठराव उतरवून काढा. तो असा असतो: ‘सन २०२४-२५ चे अंदाजपत्रक सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’ वाक्य देखणं आहे. त्यात रक्कम नाही, मेंटेनन्सचा दर नाही, तो कोणत्या महिन्यापासून हे नाही, सूचक-अनुमोदकही नाहीत. राहिलं ‘सर्वानुमते’. तर २०३ नंबरचे काका वीस मिनिटं उभं राहून विरोध करत होते, हे गेटवरच्या वॉचमनलाही माहीत आहे. पुढे वाढीव दराचं बिल गेलं की काका एवढंच विचारतात, “दर वाढवल्याचा ठराव दाखवा.” तुम्ही हे वाक्य दाखवता. काका जुन्याच दराचा चेक देतात, आणि तुमच्याकडे बोलायला काही उरत नाही.

आता आपलं उदाहरण घेऊ. ४८ सदनिका, मेंटेनन्स महिना २,५०० रुपये. समितीने २०२५-२६ साठी तो २,८०० सुचवला. अठ्ठेचाळीस गुणिले २,८०० गुणिले बारा, जमा १६,१२,८०० रुपये. खर्चही तेवढाच मांडला, खजिनदार खूश. पण सभा आहे २१ सप्टेंबरला. एप्रिलपासून सहा महिन्यांची बिलं जुन्या दराने गेलेली आहेत. सभेत कोणीतरी हमखास म्हणतं, “मागची थकबाकी काढायची नाही, वाढ एक ऑक्टोबरपासून!” टाळ्या पडतात. त्या टाळ्यांत ८६,४०० रुपये गेले: ४८ घरं, ३०० रुपये, सहा महिने. आता जमा १५,२६,४०० आणि खर्च मात्र जुनाच. इथे ‘अंदाजपत्रक मंजूर’ असं लिहिलंत, तर तुम्ही तूट मंजूर केलीत, आणि तीही न सांगता.

म्हणून टाळ्या थांबल्या की उभं राहून विचारायचं, “मग खर्च कुठे कमी करू?” शांतता पसरते. (ही शांतता इतिवृत्तात लिहायची नसते.) आमच्याकडे शेवटी कुंपणाच्या भिंतीच्या रंगावर गदा आली. १,२०,००० ची तरतूद ३३,६०० वर आली, म्हणजे रस्त्याकडची बाजू रंगवायची, मागची राहू द्यायची. मतं मोजली आणि ठराव असा लिहिला:

‘विषय क्र. ४, ठराव क्र. ४: व्यवस्थापक समितीने मांडलेल्या सन २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात कुंपणाच्या भिंतीच्या रंगकामाची तरतूद रु. १,२०,००० ऐवजी रु. ३३,६०० करण्यात यावी व एकूण जमा आणि एकूण खर्च प्रत्येकी रु. १५,२६,४०० असलेले सुधारित अंदाजपत्रक मंजूर करण्यात यावे. मासिक देखभाल शुल्क दि. १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रति सदनिका रु. २,८०० राहील. सूचक: सदनिका १०१. अनुमोदक: सदनिका ४०४. बाजूने २२, विरोधात ३, तटस्थ २. ठराव बहुमताने मंजूर.’

रजिस्टरात सदनिकेच्या नंबराशेजारी पूर्ण नावही घाला.

ठराव झाला, इतिवृत्त अजून व्हायचंय. ठरावात सभेने काय ठरवलं ते येतं. ते ठरवायला सभा पात्र होती का आणि त्या निर्णयापर्यंत कशी पोचली, हे इतिवृत्त सांगतं. दहाला १४ जण होते, साडेदहाला २७ झाले, ४८ सभासदांच्या सभेला २० ची गणसंख्या लागते, हे आधी लिहा. मग समितीचा मूळ प्रस्ताव, त्यावरची दुरुस्ती आणि ती का आली, एकेका वाक्यात. काकांचा विरोध एका ओळीत: ‘सदनिका २०३ यांनी दरवाढीस विरोध नोंदवला.’ त्यांनी खजिनदाराच्या गणिताच्या मास्तरांबद्दल जे काढलं, ते सोडून द्या. ‘काही सभासदांनी गोंधळ घातला’ हे वाक्य तर चुकूनही नको. गोंधळ घालणाऱ्यांत अध्यक्षही होते.

व्हाइटनर घरी ठेवा. आकडा चुकला तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा लिहा आणि अध्यक्षांची छोटी सही घ्या. सही त्याच आठवड्यात घ्या. दिवाळीनंतर अध्यक्ष मुलाकडे पुण्याला जातात आणि होळीला परततात.

मसुदा सभासदांना पाठवलात की काकांचं उत्तर सगळ्यांत आधी येईल. आमच्याकडे आलं. त्यांनी दोन पानी पत्रात एकच चूक दाखवली होती: ३३,६०० च्या जागी माझ्याकडून ३६,३०० पडले होते. मी रेघ मारली आणि सहीसाठी अध्यक्षांची बेल दाबली.