येन पडला हो!

जगात सगळ्यात गरीब बिचारं कोण असेल तर जपानचा येन. हॉटेलात राहणं महागलं, येन पडला. गावाकडचं प्लास्टर रखडलं, येन पडला. बिचाऱ्याला तोंड नाही, नाहीतर त्याने अब्रुनुकसानीचा दावाच लावला असता.

आमच्या मिरजेच्या अण्णांचे धाकटे चिरंजीव टोकियोत, तोयोसुला. कंत्राटावर सॉफ्टवेअरची तपासणी करतात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतात. 2021 मध्ये ते दरमहा दीड लाख येन धाडायचे. तेव्हा एका येनला सदुसष्ट पैशांच्या आसपास मिळत, अण्णांच्या खात्यात लाखभर रुपये पडत आणि गल्लीत पेढे वाटले जात.

2024 च्या जूनअखेरीस पंचेचाळीस हजार आले.

"अण्णा, येन पडला हो," चिरंजीव फोनवर म्हणाले. आईने लगेच येनला शिव्या घातल्या. अण्णांनी मात्र पेपर उघडला. जन्मभर जिल्हा बँकेत कॅशियरकी केलेला माणूस. हिशेब लागला नाही तर त्यांना जेवण जात नाही.

दर होता बावन्न पैसे. म्हणजे दीड लाख येनचे अठ्ठ्याहत्तर हजार व्हायला हवे होते. येनने खाल्ले बावीस हजार. उरलेले तेहतीस हजार कोणी खाल्ले? अण्णांनी पंचेचाळीस हजारांना बावन्न पैशांनी भागलं. आले साडेशहाऐंशी हजार येन. साडेत्रेसष्ट हजार येन वाटेतच गळाले होते, आणि एवढी गळती तर आमच्या नगरपालिकेच्या नळालाही नाही.

हे त्रेसष्ट हजार कुठे गेले, ते आता तुम्हाला सांगतो.

त्या महिन्यात टी-ट्वेंटी विश्वचषक होता. चिरंजीव एका साइटवर नाणेफेकीवर पैसे लावत. सामना बघायची गरज नाही, खेळातलं कळायची तर मुळीच नाही. भारतात संध्याकाळी आठला सुरू होणाऱ्या सामन्याची नाणेफेक तिकडे रात्री अकराला. जेवणं झाली की बाल्कनीत जाऊन उरकायची. सकाळच्या सामन्याची तिकडे नऊला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये. बरोबर आलं तर हजाराचे एकोणीसशे. दोन्ही बाजूंवर हजार-हजार लावले तरी दोन हजार देऊन एकोणीसशेच परत मिळतात. मधले शंभर त्या साइटचे. नाणं कसंही पडो, तिचं पोट भरलेलं.

चिरंजीवांकडे यावर युक्ती होती: हरलं की दुप्पट लावायचं, कधीतरी जिंकूच. हजार गेले, दोन हजार लावले. मग चार, आठ, सोळा, बत्तीस. सहाही वेळा नाणं उलटं पडलं आणि त्रेसष्ट हजार गेले. पन्नासएक सामन्यांच्या स्पर्धेत सलग सहा चुका म्हणजे काही आभाळ कोसळणं नव्हे. सातव्या डावाला चौसष्ट हजार हवे होते, आणि ते मिरजेसाठी उरलेल्या पैशांतूनच काढावे लागले असते. तिथे मात्र हात थांबला. एवढं पुण्य त्यांच्या खात्यावर मांडा.

गंमत पुढे आहे. सहावा डाव जिंकला असता तर फायदा अठ्ठावीस हजार आठशेचा, आणि आधीचे गेलेले एकतीस हजार. म्हणजे जिंकूनही खड्ड्यातच! पाचव्या डावापासून पुढे हीच रड. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला ही चूक सापडली नाही.

चिरंजीवांच्या खोलीपासून चालत जावं एवढ्यावर तोयोसुचा मासळीबाजार आहे. पहाटे साडेपाचच्या सुमाराला तिथे ट्यूनाचा लिलाव होतो. खरेदीदार बॅटरी घेऊन वाकतात, शेपटीकडे कापलेलं मांस निरखतात, बोटांनी चुरून चरबी बघतात आणि मगच बोटांच्या खुणांनी बोली लावतात. 2019 च्या पहिल्या लिलावात तिथे 278 किलोचा एक मासा तेहतीस कोटी छत्तीस लाख येनला गेला. लोक हसले, पण निदान घेणाऱ्याच्या हाती मासा तरी आला.

दोस्तांकडे मन मोकळं करायचीही सोय नव्हती. जपानात सरकारमान्य घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावा, कोणी विचारणार नाही. अशा साइटवर लावाल तर तो गुन्हा, साध्या जुगारालाही पाच लाख येनपर्यंत दंड. मग सगळं पाप येनच्या माथी मारलं.

रविवारी अण्णांनी फोन लावला.

"पैसे पाठवल्याची पावती पाठव."

"पाठवलीय ना, अण्णा."

"ती वरून कापलेली आहे. नुसते रुपये दिसतात. किती येन दिले आणि काय दराने, ती ओळ कुठेय?"

पलीकडे शांतता. मग हळूच, "येन खरंच पडलाय, अण्णा."

"तो पडला ते मी पेपरात वाचलं. तू कुठे पडलास ते सांग."

पुढचा अर्धा तास काय बोलणं झालं ते अण्णांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आईला अजून येनचाच राग आहे. फक्त जुलैपासून पावती अख्खी येते, आणि अण्णा रुपयांच्या आकड्यावर बोट ठेवून आधी वरची येनची ओळ वाचतात.